बोटभर पाणी : साबुदाणा खिचडीची एक कृती नव्याने लिहिताना

पार्श्वभूमी

पाककृतींचं संपादन हे माझं काम. दीडेक वर्षापूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाने काकूंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या हातच्या चाळीस पदार्थांची पुस्तिका काढायचं ठरवलं. मजकूर काकूंच्या वहीतला, टाइप केलेला त्यांच्या सुनेने. मी शुद्धलेखन तपासावं आणि मांडणी सारखी करावी, एवढीच अपेक्षा होती.

हे काम चालू असताना काकूंचा नातू नोकरीसाठी हैदराबादला गेला. खोलीत इंडक्शनची एक शेगडी, एक नॉनस्टिक पॅन, एक पातेलं आणि लहान मिक्सर. त्याने आईकडून वहीतल्या साबुदाणा खिचडीच्या पानाचा फोटो मागवला आणि लागोपाठ दोन रविवार ती करून पाहिली. पहिल्या रविवारी लगदा झाला. दुसऱ्या रविवारीही लगदाच झाला, फक्त या खेपेला त्यातला बटाटा कच्चा होता. "आजीने काहीतरी लिहायचं राहून गेलंय," असं त्याचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, "पन्नास वर्षं अशीच करतेय, काही राहिलेलं नाही." दोघांचंही खरं होतं.

वहीतली मूळ कृती अशी होती:

"दोन वाट्या साबुदाणा धुऊन बोटभर पाणी ठेवून भिजत घालावा. चांगला भिजला की वाटीभर दाण्याचं कूट, चवीपुरतं मीठ, साखर घालून कालवून ठेवावा. तुपात जिरं-मिरचीची फोडणी करून बटाटा घालावा. बटाटा झाला की साबुदाणा घालून दोन-तीन वाफा आणाव्यात. वरून लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. गरमच वाढावी."

पाच ओळींची ही कृती ज्याला खिचडी येते त्याला पुरेशी आहे. मलाही ती वाचून खिचडी करता आली असती, आणि म्हणूनच पहिल्या वाचनात मला तिच्यात काही खटकलं नाही.

अडचण नेमकी कुठे होती

नातवाला फोन करून मी एकच विनंती केली: काय चुकलं ते सांगू नकोस, काय काय केलंस ते ओळीने सांग. तो सांगत गेला तशी मी मूळ कृती समोर ठेवून त्याच्या प्रत्येक पायरीवर खूण करत गेले.

पहिली खूण 'बोटभर'वर पडली. काकूंच्या मनात बोटाची जाडी होती, म्हणजे साबुदाण्याच्या वर जेमतेम सेंटिमीटरभर पाणी. त्याने बोट उभं धरलं आणि ते बुडेल इतकं पाणी ओतलं. मराठीत दोन्ही अर्थ होतात, आणि ज्याने कधी साबुदाणा भिजवलेला नाही त्याला कुठला घ्यायचा हे ठरवायला काहीच आधार नाही. त्याचं पातेलं १४ सेंटिमीटर व्यासाचं. सात सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे साबुदाण्याच्या वर एक लिटरहून जास्त. लागत होतं जेमतेम पेलाभर.

समजा त्याने योग्य अर्थ धरला असता, तरी माप ठरत नव्हतं. एकाच उंचीचं पाणी १४ सेंटिमीटरच्या पातेल्यात आणि २० सेंटिमीटरच्या पातेल्यात घातलं तर दुसऱ्यात ते दुपटीने भरतं. काकू कायम एकाच पितळी पातेल्यात साबुदाणा भिजवतात, त्यामुळे त्यांचं बोट त्या पातेल्यापुरतं अचूक आहे. पातेलं बदललं की ते माप राहत नाही.

साबुदाण्याला पाण्याची ही चूक का झेपत नाही, हेही पाहायला हवं. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चच्या गोळ्या. आपल्याकडे येणारा बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. तांदळाच्या दाण्याला स्वतःची बांधणी असते, साबुदाण्याला तशी काही नसते. पाणी जास्त झालं की गोळीचा बाहेरचा थर आधी मऊ पडतो, आणि कढईत उष्णता लागली की तोच थर खळीसारखा होऊन शेजारच्या गोळीला चिकटतो. एकदा असं झालं की पुढे कितीही परतलं तरी दाणे सुटे होत नाहीत. लगदा कढईत दिसला, पण तो आदल्या रात्रीच ठरून गेला होता.

दुसरी खूण 'कूट' या शब्दावर. त्याने बाजारातून कच्चे शेंगदाणे आणून सालासकट मिक्सरमध्ये फिरवले. काकूंच्या घरात कूट म्हणजे दाणे भाजून, सोलून, जाडसर केलेलं. त्याचा डबा कायम भरलेला असतो. कृतीत तो 'साहित्य' म्हणून येतो, पण नवख्यासाठी ते अर्ध्या तासाचं वेगळं काम आहे.

तिसरी खूण 'कालवून ठेवावा'वर. किती वेळ ठेवावा? त्याने सकाळी सातला मीठ-साखर-कूट कालवलं आणि खिचडी केली अकराला. तोवर मीठ-साखरेला पाणी सुटून सगळं ओलसर झालं होतं. काकूंच्या लेखी 'ठेवावा' म्हणजे फोडणी होईपर्यंत बाजूला.

चौथी खूण 'बटाटा'वर. कच्चा की उकडलेला, फोडी केवढ्या, काहीच नाही. त्याने कच्च्या बटाट्याचे मोठे चौकोन केले. 'बटाटा झाला की' म्हणजे काय ते न कळल्यामुळे तो सोनेरी दिसल्याबरोबर साबुदाणा घातला. मग बटाटा शिजावा म्हणून झाकण ठेवून आणखी दहा मिनिटं. बटाट्याची कसर साबुदाण्याने भरून काढली.

शेवटची खूण 'वाफा'वर. वाफ आणणे म्हणजे झाकण ठेवून मिनिट-दोन मिनिटं थांबणे, झाकण काढून उलथणे, परत झाकणे. हे आपण कुणाच्या तरी मागे उभं राहून शिकलेलो असतो. त्याला वाटलं, वाफ यायची तर पाणी हवं. त्याने पॅनच्या कडेने पाव पेला पाणी सोडलं. या शब्दाबद्दल मी स्वतः कधी विचार केला नव्हता हे कबूल करते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपं होतं मूळ मजकूर तसाच ठेवून कंसात ग्रॅम आणि मिली घालणं. सुनेला हे पसंत होतं, कारण चाळीसही कृती महिनाभरात उरकल्या असत्या. पण पाच खुणांपैकी दोनच मापाच्या होत्या. बाकीच्या क्रमाच्या आणि शब्दांच्या, आणि त्यांना आकडे लावून काही होणार नव्हतं.

दुसरा विचार व्हिडिओचा. काकू करताहेत आणि सून फोनवर टिपतेय. एकदा करून पाहिलं. काकूंनी साबुदाणा दाबून पाहिला, "झालाय" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दाबल्यावर बोटांना काय कळलं ते व्हिडिओत दिसत नव्हतं. शिवाय करणाऱ्याचे हात साबुदाण्याने माखलेले असताना फोन मागेपुढे कोण करणार?

तिसरा पर्याय कृती पूर्ण नव्याने लिहिण्याचा. त्याला विरोध खुद्द काकूंचाच होता. माझा पहिला मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "एवढं लिहायचं? मग देवाने डोळे कशाला दिलेत?" मला तेव्हा हा बोल लागला होता. पण त्यातला मुद्दा खरा होता, आणि पुढे तोच उपयोगी पडला. मी पानभर मिनिटं लिहिली होती आणि डोळ्यांना काय दिसायला हवं ते जवळजवळ लिहिलंच नव्हतं.

शेवटी असं ठरलं की काकूंची पाच ओळींची कृती त्यांच्याच शब्दांत वर ठेवायची आणि खाली नवख्यासाठी पायऱ्या लिहायच्या. ज्याला येतं त्याने वरचं वाचून कामाला लागावं.

काय केलं

आधी काकूंची मापं मोजली. त्यांची वाटी १५० मिलीची निघाली. साबुदाणा त्या सपाट भरतात, दोन वाट्या म्हणजे जवळपास २०० ग्रॅम. कूट मात्र त्या शिगोशीग भरतात, ते साधारण १०० ग्रॅम. दोन्हींना वहीत 'वाटी'च लिहिलं होतं. मग त्यांना नेहमीसारखं पाणी घालायला सांगितलं आणि घालण्यापूर्वी ते मोजून घेतलं: धुऊन निथळलेल्या साबुदाण्यावर २०० मिली. म्हणजे जितके ग्रॅम साबुदाणा तितके मिली पाणी. हे सोपं प्रमाण त्यांच्या बोटात इतकी वर्षं होतं याची गंमत वाटली.

यानंतरचा निर्णय सगळ्यांत जास्त वेळ खाणारा होता: वेळ आधी लिहायची की खूण? 'बटाटा आठ मिनिटं शिजवा' असं लिहिलं तर काकूंच्या गॅसवर तो शिजतो, नातवाच्या इंडक्शनवर करपतो. नुसतं 'बटाटा शिजेपर्यंत' लिहिलं तर नवखा दुसऱ्या मिनिटालाच झाकण काढून बघतो, किंवा विसरून जातो. मी दोन्ही लिहायचं ठरवलं, पण त्यांचं काम वेगळं ठेवलं. खूण सांगते कधी थांबायचं. मिनिटं सांगतात पाहायला कधी सुरुवात करायची. म्हणून वाक्य असं झालं: 'सहाव्या मिनिटापासून तपासा. उलथण्याच्या कडेने दाबल्यावर काप जोर न लावता तुटला की झाला.'

भिजण्याची खूणही अशीच लिहिली, पण तिच्यात एक अडचण आली. 'दाबल्यावर दाणा चपटा झाला पाहिजे' ही आपली नेहमीची खूण अपुरी आहे. जास्त भिजलेला साबुदाणाही चपटा होतोच. म्हणून दोन टोकांची चाचणी लिहावी लागली: दाबल्यावर मध्ये कणी लागू नये, आणि मूठभर साबुदाणा तळहातावर घेऊन हात तिरका केला तर दाणे सुटे घरंगळले पाहिजेत. पहिली चाचणी कमी भिजलेला पकडते, दुसरी जास्त भिजलेला. दोन्हींच्या पुढे उपायही लिहिला, कारण साबुदाणा प्रत्येक वेळी सारखा येत नाही आणि माप बरोबर असूनही फरक पडतो.

पहिला पूर्ण मसुदा मी तीन नवख्यांना दिला. नातू, सुनेच्या ऑफिसमधली एक मुलगी आणि माझा शेजारी, जो चहापलीकडे कधी गेलेला नाही. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात मी स्टूल घेऊन बसले, अट एकच, मी बोलणार नाही.

त्या अर्ध्या तासात दोन गोष्टी कळल्या. मसुद्यात फोडणी चौथ्या पायरीला होती, बटाटा पाचव्या आणि साबुदाण्यात कूट कालवणं सहाव्या. तो क्रमाने जाणारा माणूस. बटाटा शिजला, मग सहावी पायरी वाचली, मग कुटाचा डबा शोधला, मीठ-साखर मोजली, कालवलं. तोवर कढई मंद आचेवर होतीच आणि बटाटे तळाला लागून काळे झाले. अनुभवी माणूस बटाटा झाकला की मधल्या वेळात कालवून घेतो. नवखा जे लिहिलंय ते, लिहिलंय तेव्हा करतो. त्यामुळे फोडणीआधी करायचं सगळं मी एका गटात आणलं.

दुसरी गोष्ट मिठाची. साहित्याच्या यादीत 'मीठ सव्वा चमचा' होतं. बटाट्याच्या पायरीत 'थोडं मीठ' आणि कालवताना 'मीठ' लिहिलं होतं. त्याने बटाट्यापाशी 'थोडं मीठ' वाचून अंदाजाने घातलं, मग यादीतला आख्खा सव्वा चमचा साबुदाण्यात घातला. खिचडी सुटी झाली होती, पण खारट. जो जिन्नस दोनदा पडतो त्याचं माप त्या त्या पायरीतच लिहायचं, हे तेव्हापासून मी प्रत्येक कृतीत पाळते. आणि 'चमचा' म्हणजे चहाचा ५ मिलीचा की मोठा १५ मिलीचा, तेही दर वेळी लिहायचं. तुपाच्या बाबतीत हा फरक तिप्पट पडतो.

नवी कृती

दोन-तीन जणांसाठी. सकाळी खायची असेल तर आदल्या रात्री सुरुवात करा.

आदल्या रात्री (१० मिनिटं)

१. २०० ग्रॅम साबुदाणा घ्या (खिचडीचा, चिवड्यासाठी तळायचा नायलॉन साबुदाणा नको). पाण्यात हलक्या हाताने चोळून दोन-तीनदा धुवा. पाण्याचा पांढुरकेपणा बराचसा जाऊ द्या. चाळणीत ५ मिनिटं निथळा.

२. पातेल्यात काढून २०० मिली पाणी मोजून घाला. हाताने सारखं पसरा, झाकून ५ ते ८ तास ठेवा. सकाळी पाणी दिसायला नको. सगळं दाण्यात मुरलेलं असतं.

सकाळी, फोडणीआधी (कूट तयार नसेल तर ४५ मिनिटं, असेल तर १५)

३. साबुदाणा तपासा. दाणा दाबल्यावर मध्ये कणी लागली तर २ मोठे चमचे पाणी शिंपडून अर्धा तास झाका. तिरक्या हातावरून दाणे घरंगळत नसतील तर स्वच्छ फडक्यावर पसरून अर्धा तास ठेवा.

४. १०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, सतत हलवत भाजा. सालं सुटायला लागली आणि दाणा चावल्यावर कुरकुरीत लागला की उतरवा. पूर्ण गार करा, गरम फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. सालं काढा. मिक्सर दोन-तीन सेकंद फिरवून थांबा, असं चार-पाच वेळा. रव्यापेक्षा जाड राहू द्या.

५. एक मोठा बटाटा (साधारण १५० ग्रॅम) सोलून उभा चिरा आणि नाण्याच्या दुप्पट जाडीचे काप करा. ३ हिरव्या मिरच्यांचे तुकडे करा.

६. साबुदाण्यात कूट, १ चहाचा चमचा मीठ आणि २ चहाचे चमचे साखर घालून कालवा. हे झालं की लगेच पुढच्या पायरीला लागा.

गॅसवर (२० मिनिटं)

७. रुंद कढईत किंवा पॅनमध्ये ३ मोठे चमचे तूप मध्यम आचेवर तापवा. १ चहाचा चमचा जिरं घाला. ते फुलून तडतडलं की मिरच्या घाला, अर्धा मिनिट परता.

८. बटाट्याचे काप आणि पाव चहाचा चमचा मीठ घाला. आच मंद करून झाका. दर दोन मिनिटांनी उलथा. सहाव्या मिनिटापासून तपासा: उलथण्याच्या कडेने काप जोर न लावता तुटला की झाला. तोवर पुढे जाऊ नका.

९. कालवलेला साबुदाणा घाला. झाकण न ठेवता ३ मिनिटं तळापासून उलथा. पाणी घालू नका.

१०. झाकण ठेवून २ मिनिटं थांबा. झाकण काढताना सरळ बाजूला न्या, त्याला साचलेलं पाणी कढईत पडू देऊ नका. उलथा. परत झाकून २ मिनिटं. ही झाली 'दोन वाफा'.

११. आता दाण्यांकडे बघा. पांढरे दाणे काचेसारखे होत जातात. चारांतले तीन पारदर्शक झाले की गॅस बंद करा. उरलेले झाकणाखाली दोन मिनिटांत होतात. सगळे होईपर्यंत थांबलात तर चिकटते.

१२. गॅस बंद असताना २ चहाचे चमचे लिंबाचा रस, खोबरं, कोथिंबीर घालून हलकेच उलथा.

(कोथिंबीर आणि जिरं उपासाला चालतं की नाही हे घराघरांत वेगळं आहे, त्या वादात मी पडले नाही.)

निष्पत्ती

दुसऱ्या मसुद्यावर शेजाऱ्याची आणि त्या मुलीची खिचडी मोकळी झाली. नातवाची पहिल्या खेपेला थोडी चिकटली. कारण विचारलं तर त्याने दुप्पट प्रमाण केलं होतं, मित्र आले होते म्हणून. त्याच्या लहान पॅनमध्ये चार बोटं जाडीचा थर झाला. वरचे दाणे पांढरे, तळाचे लगदा. प्रमाण दुप्पट केलं की पाणी, मीठ दुप्पट होतं, पण पॅनची रुंदी आणि वेळ तशी होत नाही. ही ओळ कृतीत नव्हती. आता आहे: 'एका वेळी २०० ग्रॅमच करा. जास्त हवी तर दोन घाण्यांत.'

काकूंना नव्या कृतीतल्या आचेच्या आणि मिनिटांच्या गोष्टी अजूनही नको वाटतात. पण अकराव्या पायरीतलं 'चारांतले तीन' त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे मी करते खरं. मला सांगता आलं नसतं."

वेगळं काय करता आलं असतं

मी मसुदा आधी लिहिला आणि नवख्याला करताना नंतर पाहिलं. उलटं करायला हवं होतं. काळे पडलेले बटाटे पाहिल्यावर पायऱ्यांचा क्रम पूर्ण बदलावा लागला, आणि तोवर सुनेने आणखी सात कृतींची मांडणी जुन्याच साच्यात करून टाकली होती. ती सगळी परत करावी लागली.

काकूंना मोजायला लावलं ते एकदाच. तीनदा वेगवेगळ्या दिवशी मोजलं असतं तर २०० मिली हा नेमका आकडा की मधला, ते कळलं असतं. सध्या तिसऱ्या पायरीतले उपाय ती अनिश्चितता सांभाळतात.

आणि 'वाफ' या शब्दाचा खुलासा खिचडीच्या पानावरच अडकला. पोहे, उपमा, कोबीची भाजी, सगळीकडे वहीत 'वाफ आणावी' आहे, आणि प्रत्येक ठिकाणी झाकणाची वेळ वेगळी. भाजीत तर काकू झाकणावर पाणी ठेवतात. पुस्तिका छापायला जायच्या आदल्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं. पहिल्या पानावर चार ओळी घुसवता आल्या, भाज्यांच्या कृती मात्र तशाच छापल्या गेल्या. नातवाने परवा कोबी करायला घेतला तेव्हा त्याचा फोन आला: "ताई, इथली वाफ कोणती?"